भोसरी प्लांट, कॉम्प्रेस्ड एअर: कार्यकारी सारांश (सुधारित मसुदा)

मेंटेनन्ससाठी टीप: पहिल्या मसुद्याच्या तीनही ओळी "सदर अहवालात प्लांटमधील संपीडित हवेच्या वितरण व्यवस्थेचा सर्वंकष आढावा घेण्यात आला असून" यातच संपल्या होत्या आणि पैशांचा आकडा दुसऱ्या पानावर होता. डायरेक्टर सर मेल फोनवर उघडतात आणि तेवढ्यावर होकार-नकार कळवतात. म्हणून खालच्या तीन ओळींखाली कुणी काहीच वाचलं नाही तरी निर्णय होईल, अशी मांडणी केली आहे. आकडे तुमचेच आहेत. फक्त बचत कमी धरली आहे. कारण खाली दिलं आहे, पटत नसेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा.

मेलचा विषय: ₹३.६० लाखांना मंजुरी, शुक्रवार ११ जुलैपर्यंत

तिसरा कॉम्प्रेसर (₹१९ लाख) आत्ता घेऊ नये. त्याऐवजी हवेची गळती काढायला ₹३.६० लाख मंजूर करावेत.
गळती १४५ सीएफएमवरून ४५ वर आली की नवी असेंब्ली लाइन सध्याच्या दोन कॉम्प्रेसरवर चालेल आणि वीजबिलात वर्षाला सुमारे ₹६.३ लाख वाचतील.
गळती उतरली नाही तर कॉम्प्रेसरची ऑर्डर ३१ जुलैनंतर देता येईल. कोटेशन १५ ऑगस्टपर्यंत चालू आहे.

गळती कशी मोजली. गुरुवार ३ जुलैला, साप्ताहिक सुट्टीत, एकही मशीन चालू नसताना एकच कॉम्प्रेसर लावला. वापर शून्य असल्याने तो जेवढा वेळ लोडवर गेला, तेवढी सगळी गळती. सरासरी लोड ८४ सेकंद, अनलोड १७६ सेकंद. म्हणजे २६० पैकी ८४, सुमारे ३२ टक्के. एका कॉम्प्रेसरची क्षमता ४५० सीएफएम, त्यावरून १४५ सीएफएम.

हिशोब. दोन कॉम्प्रेसर मिळून ९०० सीएफएम देतात. सध्याची कमाल मागणी गळतीसह ८७०, नव्या लाइनला आणखी ९०. बेरीज ९६०, म्हणजे ६० कमी पडतात. तिसऱ्या कॉम्प्रेसरची मागणी इथूनच आली. गळतीतले १०० परत मिळाले की गरज ८६० वर येते. लाइनच्या टोकाला दाब ५.८ बारवर येतो म्हणून शॉपफ्लोअर सेटिंग वाढवून मागतो, पण दाब वाढला की त्याच भोकांतून हवाही जास्त जाते आणि प्रत्येक जादा बारमागे कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढते.

गळती कुठे आहे. साबणाचं पाणी आणि अल्ट्रासॉनिक गनने ६३ जागा सापडल्या, प्रत्येकीवर टॅग आहे. त्यातल्या ४१ क्विक कपलिंग आणि होजच्या, ९ एफआरएलच्या, ७ आट्यांच्या जॉइंटच्या. उरलेले ६ हाताने उघडायचे ड्रेन व्हॉल्व्ह: पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी जास्त साचतं, ते निघून जावं म्हणून व्हॉल्व्ह दिवसभर किंचित उघडे ठेवले जातात. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही, तिथे ऑटो ड्रेनच हवा.

खर्च. कपलिंग आणि होज १.१५ लाख, एफआरएल ०.६५, ऑटो ड्रेन ०.६०, शाखा बंद करायचे बॉल व्हॉल्व्ह ०.७०, दोन गुरुवारची मजुरी ०.५०. एकूण ₹३.६० लाख, सुमारे सात महिन्यांत वसूल.

बचत कमी का धरली. १०० सीएफएमला जवळपास १६.७ किलोवॉट लागतात. वर्षाचे ६,००० तास आणि ₹९ दर धरून मसुद्यात थेट ₹९ लाख लिहिले होते. पण आपले दोन्ही कॉम्प्रेसर फिक्स्ड स्पीडचे आहेत. अनलोडवरही ते पूर्ण लोडच्या साधारण ३० टक्के वीज घेतात. ती वजा केली की ११.७ किलोवॉट उरतात. मोठा आकडा लेखा विभागाने पहिल्याच बैठकीत खोडला असता.

धोका. उरतात फक्त ४० सीएफएम. एक कॉम्प्रेसर बंद पडला तर अर्धा प्लांट थांबेल. आजही तीच स्थिती आहे. स्टँडबायसाठी तिसरा हवा, हा मेंटेनन्सचा मुद्दा खरा आहे, पण तो वेगळा प्रस्ताव म्हणून यावा. तोपर्यंत भाड्याच्या कॉम्प्रेसरचा दर ठरवून ठेवू. शिवाय महिन्याला एक फेरी मारून टॅग तपासले नाहीत तर गळती हळूहळू परत येते. ती जबाबदारी युटिलिटी इंजिनिअरकडे द्यावी.

वेळापत्रक. दुरुस्ती १७ आणि २४ जुलैच्या गुरुवारी, फेरचाचणी ३१ जुलैला. गळती ६० सीएफएमच्या वर राहिली तर १५ ऑगस्टच्या आत कॉम्प्रेसरची ऑर्डर द्यावी. डिलिव्हरीला आठ आठवडे लागतात, नवी लाइन दिवाळीनंतर सुरू होते.

सोबत: चाचणीची नोंद, ६३ टॅगची यादी, दोन्ही कोटेशन.