सूचना: ए आणि बी विंगमधला केबल टीव्ही व इंटरनेट बंद. तक्रारीचा फोन करण्याआधी वाचावे

बुधवार, १० जून २०२६, सकाळी ९

सर्व सभासद व भाडेकरू यांस,

काल संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास वादळी पावसात गल्लीच्या तोंडावरच्या गुलमोहराची फांदी पडली. तिच्याखाली सापडून केबल ऑपरेटरची वरून जाणारी फायबर तुटली. ए आणि बी विंगला टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही याच फायबरवरून येतं, त्यामुळे या दोन विंगमधल्या सगळ्याच कनेक्शनचं दोन्ही बंद आहे. सी विंगची लाइन मागच्या रस्त्याकडून वेगळी आलेली आहे आणि ती चालू आहे.

ऑपरेटरकडे समितीने काल रात्रीच तक्रार नोंदवली आहे. तिचा क्रमांक गेटवरच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला आहे. ए आणि बी विंगमधून या कारणासाठी वेगळा फोन करू नये. आपल्या भागासाठी ऑपरेटरचा एकच माणूस आहे. तो शिडीवर असताना खिशातला फोन वाजत राहिला तर जोडणी लवकर होणार नाही, उशिराच होईल. वॉचमनलाही विचारू नये. त्याला जेवढं माहीत आहे तेवढं वर लिहिलं आहे.

‘एक वायर जोडायला एवढा वेळ कशाला?’ असं काल जिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं. ही तांब्याची वायर नाही, की पिळून टेप मारली आणि झालं. आत केसासारखे बारीक काचेचे धागे असतात. प्रत्येक धागा सोलायचा, पुसायचा, टोक सरळ कापायचं आणि स्प्लायसिंग मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवून वितळवून जोडायची. धुळीचा कण किंवा ओल राहिली तर जोड कच्चा होतो आणि दोन दिवसांनी पुन्हा हीच रडगाणी. म्हणून भर पावसात ते काम काल केलं नाही, आणि समितीनेही त्यासाठी हट्ट धरला नाही. पाऊस उघडला तर आज संध्याकाळपर्यंत जोडणी होईल, नाहीतर उद्या दुपारपर्यंत, असं ऑपरेटरने सांगितलं आहे.

उद्या गुरुवार आहे. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली, तर फायबर जोडून झाली असली तरी टीव्ही दिसणार नाही. टीव्हीचा सिग्नल बी विंगच्या गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीतल्या नोडमधून दोन्ही विंगला जातो. त्या नोडला वीज बी विंगच्या कॉमन मीटरवरून मिळते, जनरेटरवरून नाही. लिफ्ट चालू आहे म्हणजे नोडही चालू आहे, असं समजू नये. नोड जनरेटरवर घेण्याचा विषय पुढच्या सभेत ठेवला आहे.

सी विंगमध्ये ज्यांचं बंद आहे त्यांनी आत्ता, आणि ए-बीमध्ये लाइन सुरू झाल्यावरही ज्यांच्याकडे काही दिसणार नाही त्यांनी तेव्हा, फोन करण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

सर्वांत आधी शेजारी विचारा. शेजाऱ्यांकडे याच ऑपरेटरचं कनेक्शन असून ते चालू असेल, तर दोष बहुधा तुमच्या घरात किंवा तुमच्या फ्लॅटपर्यंत येणाऱ्या वायरीत आहे.

मग पडद्यावर नेमकं काय लिहिलं आहे ते वाचा. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीचा उपयोग नसतो. No Signal ही अक्षरं टीव्ही स्वतःही दाखवतो आणि सेट-टॉप बॉक्सही दाखवतो, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू उघडला, तर बॉक्स आणि टीव्ही यांची जोडणी ठीक आहे आणि अडचण बाहेरून येणाऱ्या केबलमध्ये आहे. मेनू उघडलाच नाही, तर बॉक्सचा दिवा लागला आहे का ते बघा. दिवा लागलेला असेल, तर टीव्ही HDMI 1 वरून HDMI 2 वर गेला आहे का ते तपासा. घरात लहान मुलं किंवा नवा रिमोट असेल तर हे फार वेळा होतं, आणि त्यासाठी माणूस बोलावला तर तो येऊन एक बटण दाबून जातो.

काही चॅनल दिसतात आणि काहींवर पैसे भरलेले नाहीत किंवा पॅकमध्ये नाही अशा अर्थाचा मजकूर येतो, तो बिघाड नव्हे. पॅकची मुदत संपली आहे. पैसे भरल्यावर बॉक्स बंद करून ठेवू नका. त्याच चॅनलवर पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, म्हणजे परवानगीचा सिग्नल बॉक्सपर्यंत पोचतो.

चित्र तुकड्या-तुकड्यांत फुटत असेल, तर बॉक्सच्या मागचा केबलचा स्क्रू-कनेक्टर हाताने घट्ट करा. मधली तार वाकली किंवा काळी पडली असेल तर तेवढं ऑपरेटरला सांगा. खोलीत दुसऱ्या टीव्हीसाठी स्वतः स्प्लिटर लावला असेल, तर तो काढून सरळ एकाच टीव्हीला जोडून बघा.

इंटरनेटसाठी फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहा. LOS लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोचत नाही, तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. त्या बारीक पिवळ्या वायरीला कपाटाचा कोपरा किंवा सोफ्याचा पाय लागून ती मुरडली आहे का, एवढं बघा. ती ओढू नका, आणि निघालेल्या टोकात डोळा लावून पाहू नका. PON हिरवा स्थिर असेल आणि तरीही नेट नसेल, तर डबा आणि राउटर दोन्ही पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा. टाचणीने दाबायच्या भोकाला मात्र कोणी हात लावू नये. त्याने सगळी सेटिंग पुसली जातात.

एवढं करूनही बंद असेल तर जरूर फोन करा. ऑपरेटरचा तक्रार क्रमांक बिलावर आहे. फ्लॅट क्रमांक, बॉक्सच्या खालच्या स्टिकरवरचा व्हीसी क्रमांक, पडद्यावरचा मजकूर आणि दिव्यांचा रंग सांगा. पडद्याचा फोटो काढून ठेवलात तर उत्तम. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि तो गेटवरच्या वहीत लिहा. ट्रायच्या नियमांनुसार टीव्हीची सेवा सलग ७२ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर त्या काळाचे पैसे आकारता येत नाहीत. तशी वेळ आली तर समिती दोन्ही विंगतर्फे एकत्र पत्र देईल. केबलचे पैसे मेंटेनन्समध्ये नाहीत, त्यामुळे या कारणाने मेंटेनन्स अडवू नये.

गच्चीवरच्या खोलीतला नोड किंवा डक्टमधले स्प्लिटर कोणीही उघडू नयेत. मागे कोणीतरी तिथून स्वतःच्या घरासाठी जोड काढला आणि खालच्या मजल्यांचा सिग्नल पडला. कोणी, ते आम्ही विचारलं नाही. खोलीला आता कुलूप आहे आणि किल्ली सोसायटीच्या ऑफिसमध्ये.

ज्यांना आज घरून काम करायचं आहे किंवा मुलांचे ऑनलाइन क्लास आहेत, त्यांनी सकाळी १० ते संध्याकाळी ६ ऑफिसमधलं वाय-फाय वापरावं. ते सी विंगच्या लाइनवर आहे. खुर्च्या सहाच आहेत, मीटिंग हेडफोन लावून कराव्यात, आणि परीक्षा किंवा मुलाखत असलेल्यांना आधी जागा द्यावी.

सचिव,
व्यवस्थापन समिती