चित्र रसग्रहण : सावळाराम हळदणकर यांचे ‘निरांजनी’
इयत्ता नववी, दुसरे सत्र । वेळ ४० मिनिटे । गुण २०

बाकावर प्रत्येकाला चित्राची रंगीत प्रत मिळाली आहे. पहिली तीन मिनिटे पेन खाली ठेवा आणि नुसते बघा. मूळ चित्र जलरंगातले आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात टांगलेले. चित्रकार सावंतवाडीचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात; तुम्ही ती चूक करू नका.

‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ या शब्दांना आज सुट्टी. वर्गात शिकलेले किमान सहा शब्द उत्तरांत यायला हवेत, त्यांखाली रेघ मारा: रेषा, पोत, छटा, छायाप्रकाश, उष्ण-शीत रंग, अवकाश, तोल, लय, केंद्रबिंदू. शब्द नुसता पेरला तर गुण नाहीत. ‘चित्रात लय आहे’ एवढे लिहून थांबू नका. कुठे आहे? पदराच्या चुण्यांत की हाताच्या वळणात?

प्र. १. हे चित्र कधीच न पाहिलेल्या मित्राला फोनवर सांगायचे आहे. फक्त दिसते तेच चार-पाच वाक्यांत लिहा. मत नको, ‘ती कोणाची तरी वाट पाहत असावी’ हेही नको. (३)

प्र. २. साडीच्या रंगाची चेहऱ्यावरच्या प्रकाशाच्या रंगाशी तुलना करा. कोणता उष्ण, कोणता शीत? दोघांच्या शेजारामुळे काय घडते? (४)

प्र. ३. (अ) ज्योत हाताने झाकलेली आहे, तरी प्रकाश कुठून येतो हे लगेच कळते. कशावरून? बोटांच्या कडा नीट पाहा, तिथे रंग कसा बदलतो तेही लिहा. (४)
(आ) मागच्या भिंतीवरची सावली अंगठ्याने झाका, मग अंगठा काढा. अवकाश आणि तोल यांत काय फरक पडला? (२)
(इ) पारदर्शक जलरंगात गडद भाग रंगवून झाल्यावर त्यावर उजळ रंग चढत नाही. म्हणजे इथला सर्वांत उजळ भाग चित्रकाराने केव्हा ठरवला असेल? (१)

प्र. ४. दोन वाचकांची मते:
‘अगदी फोटोसारखे आहे, म्हणून चित्र थोर.’
‘नुसते हातकौशल्य आहे, त्यात विचार कुठे?’
यांपैकी एक निवडा, किंवा दोन्ही खोडा. आठ-दहा ओळींत आपला निर्णय द्या आणि प्रत्येक कारणाला चित्रातला एक नेमका भाग पुरावा म्हणून दाखवा. माझे मत ओळखून लिहायची गरज नाही. चित्र आवडले नाही असे लिहूनही पूर्ण गुण मिळतात, गेल्या वर्षी दोघांनी मिळवले होते. (६)

वेळ उरला तर कागदाच्या मागे, गुणांशिवाय: घरी लाइट गेल्यावर मेणबत्ती किंवा मोबाइलच्या उजेडात शेवटचा पाहिलेला चेहरा. कुठे उजेड होता, कुठे अंधार? पेन्सिलीने पाच मिनिटांत काढा.