चष्म्याची फ्रेम वॉरंटीत बदलून हवी आहे

नमस्कार काका, मी ईशाची आई, दांडिया बाजारातून. जूनमध्ये तुमच्याकडून तिचा चष्मा केला होता, बिल नंबर ११८४. काल वर्गात चष्मा काढताना उजवी काडी बिजागरीपाशी तुटली. पडला नाही, कोणी त्यावर बसलंही नाही. स्क्रू जागेवर आहे, प्लास्टिकच चिरलंय. बिलावर फ्रेमची एक वर्षाची वॉरंटी तुम्हीच लिहून दिली आहे, तेव्हा पैसे न घेता बदलून द्या. चिकटवून नको, पुन्हा तिथेच तुटेल. काचा शाबूत आहेत, त्या बसतील अशी तीच फ्रेम द्या. रंग कुठलाही चालेल (गुलाबी सोडून, बाईसाहेबांचा हुकूम). नंबर मायनस साडेतीन, फळा दिसत नाही आणि सोमवारपासून परीक्षा आहे. संध्याकाळी बिल नि चष्मा घेऊन येते. फ्रेम मागवावी लागणार असेल तर आत्ताच कळवा.