सत्काराचं भाषण: आधी लिहिलेलं आणि प्रत्यक्ष केलेलं

पुण्याला राहून एमपीएससीची तयारी केली आणि राज्यकर निरीक्षक म्हणून निवड झाली, तेव्हा आमच्या हायस्कूलने 26 जानेवारीला सत्कार ठेवला. समोर आठवी ते बारावीची मुलं आणि त्यांचे पालक असणार होते. मी वहीची साडेतीन पानं भरली. सुरुवात अशी होती:

«उठा, विद्यार्थी मित्रांनो, पेटून उठा! परिस्थिती कितीही बिकट असो, जिद्द असेल तर आकाशही ठेंगणं होतं! अपयश ही यशाची पहिली पायरी असते! घाम गाळणाऱ्यालाच इतिहास लक्षात ठेवतो! एका दुष्काळी गावातली मुलगी हे करू शकते, तर तुम्हीही करू शकता! मग काय, करणार ना? आवाज येऊ दे!»

पुढे थोरामोठ्यांची नऊ वाक्यं होती. त्यातली तीन खरंच त्यांची आहेत का, हे मला सांगता आलं नसतं. 25 तारखेला रात्री दादाने वही वाचली आणि म्हणाला, "ह्यात पुण्याचं कायच नाही की गं." तेवढंच बोलून तो झोपायला गेला. मी मात्र बसले आणि पहिल्यापासून लिहिलं. दुसऱ्या दिवशी बोलले ते हे.

*

मुख्याध्यापक सर, बाई, गावातली मंडळी आणि मुलांनो, नमस्कार.

मी पंधरा मिनिटं बोलणार आहे. उन्हात बसला आहात, त्याहून जास्त वेळ घेत नाही.

2017 च्या जूनमध्ये मी जतहून पुण्याला गेले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. कॉट बेसिस म्हणजे खोली आपली नसते, खोलीतली एक कॉट आपली असते. त्या खोलीत आम्ही पाच जणी होतो. कॉटचे अडीच हजार, मेसचे चोवीसशे, अभ्यासिकेचे नऊशे. पुस्तकं, टेस्ट सिरीज आणि प्रवास धरून महिन्याला सात हजार लागायचे.

ते सात हजार माझा भाऊ पाठवायचा. तो आयटीआय करून मिरजेच्या एमआयडीसीत लागला होता आणि त्याला अकरा हजार पगार होता. त्याला पुढे डिप्लोमा करायचा होता, तो राहिला. आज इथे हार माझ्या गळ्यात आहे. तो मागे सायकल स्टँडजवळ उभा आहे. हे सांगू का, असं मी त्याला सकाळी विचारलं. तो म्हणाला, सांग, पण मला पुढं बोलवू नको. म्हणून बोलवत नाही.

पैसे कुठून आले हे पहिल्यांदा सांगितलं, कारण तुमच्यातल्या ज्याला पुण्याला जायचंय, त्याच्या घरी हा हिशेब आधी मांडला पाहिजे. किती महिने, किती रुपये, कोण देणार. आमच्याकडे तो कोणी मांडला नाही. "वर्षभरात होईल" असं मीच घरी सांगितलं होतं. पाच वर्षं लागली.

त्यातलं बरंच काही माझ्या हातात नव्हतं. 2020 ची संयुक्त पूर्व परीक्षा 3 मे रोजी होती. कोरोना आला, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि परीक्षा झाली 4 सप्टेंबर 2021 ला. तेव्हा आम्ही सगळ्या घरी होतो. मी इथे मागच्या पडवीत बसून तीच पुस्तकं वाचत होते आणि आई शेजारणींना सांगत होती, परीक्षा पुढं गेलीय, पोरगी नापास नाही झाली. तिला ते किती वेळा सांगावं लागलं, हे मला नंतर कळलं.

त्या पेपरातही माझं झालं नाही. तारखांना दोष देऊन भागत नाही, कारण त्याच तारखांना बसलेल्या इतर मुली पास झाल्या होत्या.

आता अभ्यासाबद्दल. दिवसाला सोळा तास वगैरे मी कधी केला नाही. आठ व्हायचे, चांगल्या दिवशी नऊ. फरक पडला तो वेगळ्या गोष्टीने. एकदा सरावपेपर सोडवला. शंभरपैकी 94 प्रश्न सोडवले, 53 बरोबर आले आणि 41 चुकले. चुकलेल्या प्रत्येकाला पाव गुण जातो, म्हणजे हातात राहिले पावणेत्रेचाळीस. मी रडले, आणि मग ते 41 प्रश्न एकेक करून पुन्हा वाचले. त्यातल्या 17 प्रश्नांची उत्तरं मला येत होती. आणि त्या 17 पैकी 11 ठिकाणी प्रश्नात "अयोग्य विधान ओळखा" असं होतं, मी "योग्य" समजून खूण केली होती.

तीन वर्षं मी नवीन पुस्तकं घेत होते आणि माझी चूक एका अक्षरात होती. तेव्हापासून प्रश्न वाचताना त्या शब्दाला पेनाने गोल करायला लागले. दोन महिन्यांनी त्या 11 चुकांच्या 2 झाल्या. तुम्ही आत्ता आठवीत असाल, तरी हे उद्यापासून करता येईल. चाचणीचा पेपर परत मिळाला की गुण बघून दप्तरात टाकू नका. कुठे चुकलं आणि का चुकलं, ते मागच्या पानावर लिहा.

एक गोष्ट सांगायची मला जड जातेय. माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती. आमच्या सगळ्या सरावपेपरांत तिचे गुण जास्त असायचे. "अयोग्य"ची चूक तिनेच मला दाखवली. तिचं दोनदा दीड-दोन गुणांनी हुकलं. मेहनत केली की यश मिळतंच, असं मी इथे म्हणाले, तर तिने मेहनत केली नाही असा त्याचा अर्थ होतो. तिने केली होती, मी पाहिलीय. म्हणून मी ते म्हणणार नाही.

तिने अठ्ठाविसाव्या वर्षी थांबायचं ठरवलं. आता एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गावी राहते. माझ्या पदाला वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. त्यामुळे थांब असं परीक्षा आपल्याला सांगत नाही. घरचे सांगत नाहीत, त्यांना वाईट वाटतं. क्लासवाले तर सांगतच नाहीत. ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि जायच्या आधी ठरवलेलं बरं. मी ठरवलं नव्हतं. माझं झालं नसतं तर दादाने अजून किती वर्षं पाठवले असते, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

पालकांना एक विनंती आहे. मुलगी पुण्यात असेल तर फोनवर पहिला प्रश्न "निकाल कधी?" हा नको. माझे आप्पा पाऊस झाला का, म्हैस व्याली का, हे सांगायचे आणि मग विचारायचे, जेवलीस का. त्या पाच मिनिटांवर माझे काही आठवडे निघाले आहेत.

मुलींच्या आयांना आणखी एक सांगते. माझ्या लग्नाचा विषय घरात तीन वेळा निघाला आणि तिन्ही वेळा आईने "पेपर होऊ दे" म्हणून तो मागे सारला. तिने ते केलं नसतं, तर मी कितीही अभ्यास केला असता तरी आज इथे नसते.

माझं बोलणं संपलं. मी गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि माझी चुकांची वही आणली आहे. खर्चाच्या हिशेबाचा कागदही आहे. चार वाजेपर्यंत मी दहावी अ च्या वर्गात बसते. दोघं-तिघं मिळून या, म्हणजे नीट बोलता येईल. ज्यांना ही परीक्षा द्यायचीच नाहीये, दुसरं काहीतरी करायचंय, त्यांनीही या. आयटीआयबद्दल विचारायचं असेल, तर दादाही तिथे बसायला तयार झालाय.