आता नोटीस कोण देणार?

व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, पालक आणि माझ्या पोरांनो,

आज मी निवृत्त होतेय. मी १९८८ साली शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिलीची पोरं पाटी-पेन्सिल घेऊन यायची. पेन्सिल निम्मी लिहायला, निम्मी खायला! शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तरी ऊसतोडीच्या हंगामात माझे वर्ग ओस पडायचे. मग मी आणि शिपाईमामा फडावर जाऊन पोरं गोळा करायचो. आई कोयता खाली न ठेवता म्हणायची, "बाई, धाकट्याला सांभाळायचं कुणी?" मी म्हणायचे, "त्यालाही आणा." कितीतरी धाकटे माझ्या टेबलाखाली झोपलेत!

पुढं शाळेत खिचडी शिजू लागली आणि हजेरी सुधारली. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं; त्या कविता आधी आम्हीच घरी घोकायचो. २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, छडी गेली. बरंच झालं. पण ऑनलाइन माहिती भरण्यात वर्गातला वेळ जातो, हे आज साहेबांसमोर बोलूनच टाकते. आता मला नोटीस कोण देणार?

कोरोनात घरात फोन एकच, तोही वडिलांसोबत कामावर. म्हणून आमचा तास रात्री आठला भरायचा. मागून कुकरच्या शिट्ट्या, पुढं पाढे.

नवीन मुख्याध्यापकांनो, कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात आहे. कुलूप जरा अडतं, किल्ली उचलून फिरवा. आणि सातवीतल्या दोघी बहिणी सोमवारपासून आल्या नाहीत, त्यांच्या घरी उद्याच जाऊन या.