शिष्यवृत्ती अर्जासोबतचे निवेदन

माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणतात. मी अकरावीत असताना त्यांचा कारखाना बंद पडला आणि चार महिने घर आईच्या विड्यांवर चालले. संध्याकाळी मी तिला पाने कापून द्यायचो. कात्री अजून सफाईने चालते. त्या सहामाहीत गणितात 41 गुण पडले. त्यात अर्धा दोष माझ्या आळसाचाच. बारावीला 88 मिळाले. आम्ही उपाशी राहिलो नाही, हेही नोंदवतो. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे वडिलांनी लहानपणी दाखवले होते. तो कसा थांबतो, ते मला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगमध्ये शिकायचे आहे. वडिलांना आता दुसरीकडे काम आहे. फी भरता येईल. वसतिगृह आणि खाणावळीचे वर्षाला 52,000 रुपये मात्र कमी पडतात.