पेमेंट्सच्या बॅकएंडमधली नऊ वर्षं, आणि आता नव्या कामाचा शोध

नमस्कार,

गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली. कंपनीने पुण्यातलं पेमेंट्सचं काम परदेशातल्या टीमकडे नेलं आणि आमची अख्खी टीम कमी केली. हिशेब, रिलीव्हिंग लेटर, सगळं रीतसर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र "सध्या ब्रेकवर आहे" असं लिहून मदत मागणं मला पटत नाही. नोकरी गेली आहे, नवी शोधते आहे.

माझं काम थोडं सविस्तर सांगते, म्हणजे कुठे माझा उपयोग होईल हे तुम्हाला ठरवता येईल. यूपीआयने पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले, पण समोरच्याला मिळालेच नाहीत, असं कधी ना कधी सगळ्यांच्याच बाबतीत झालं असेल. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून खात्यात पाठवलेली अशी रक्कम जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी लागते. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. उशीर झाला तर ग्राहकाला रोज १०० रुपये भरपाई. या अडकलेल्या पैशांचा माग काढणारी सिस्टीम मी गेली काही वर्षं सांभाळत होते.

त्यातली खरी अडचण उशिराची नसते, अनिश्चिततेची असते. समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, म्हणजे व्यवहार फसला असं नाही. घाईने रिफंड दिला आणि मागाहून तो व्यवहार यशस्वी निघाला, तर पैसे दोनदा जातात. आमच्याकडे स्टेटस चेक आणि सेटलमेंट फाइल अशा दोन वाटांनी रिफंड सुरू व्हायचा, आणि कधीकधी दोन्हीकडून एकदमच. मी रिफंडचं वेगळं लेजर बांधलं: मूळ व्यवहाराच्या क्रमांकावर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट, आणि काफ्काकडून तोच मेसेज पुन्हा आला तरी दुसरी नोंद होणार नाही अशी रचना. ऑपरेशन्समधली आमची सहकारी रोज सकाळी आल्याआल्या दोन एक्सेल उघडून व्हीलूकअप लावत बसायची. ते काम बंद झालं, तेव्हा तिने माझ्या डेस्कवर येऊन "आजपासून सकाळी चहा गरम प्यायला मिळतो" असं सांगितलं. माझ्या कामाची मला मिळालेली ही सगळ्यात आवडती पावती.

रोजची हत्यारं जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, काफ्का आणि एडब्ल्यूएस. ऑन-कॉल सांभाळलं आहे, ज्युनिअर्सचे कोड रिव्ह्यू केले आहेत, ऑडिटरसमोर बसून डिझाइन समजावलं आहे. फ्रंटएंडचा अनुभव नाही, त्यामुळे फुल-स्टॅक जागांसाठी माझं नाव सुचवू नका.

सीनिअर बॅकएंड किंवा टेक लीडची जागा बघते आहे. पेमेंट्स, कर्जवाटप, विमा, बँकिंग, जिथे पैशाचा हिशेब चोख लागतो तिथे मन रमतं. पुण्यात हिंजवडी, बाणेर, खराडी कुठेही चालेल, रिमोटही चालेल. मुंबईचं ऑफिस असेल तर आठवड्यातून दोन दिवस ये-जा करू शकते. आईच्या उपचारांमुळे सध्या घर हलवणं शक्य नाही. एरवी आपल्याकडे तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडवर गाडी अडते, तो प्रश्न आता नाही. लगेच रुजू होऊ शकते. पगाराची अपेक्षा पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगेन.

आता विनंती. ज्यांनी माझ्यासोबत काम केलं आहे, त्यांनी आपल्या कंपनीत योग्य जागा असेल तर मला रेफर करावं. जॉब आयडी पाठवलात, की त्या जागेला जुळणारा रेझ्युमे आणि माझ्याबद्दल चार ओळी मी त्याच दिवशी पाठवेन. "उमेदवाराला कसे ओळखता?" या रकान्यात जे खरं आहे तेवढंच लिहा, मला तेवढं पुरेसं आहे. ज्यांची माझी ओळख फक्त इथलीच आहे, त्यांनी आपलं नाव पणाला लावू नये. ओपनिंगची लिंक किंवा हायरिंग मॅनेजर कोण आहे एवढं कळवलंत तरी मोठी मदत होईल. जमत नसेल तर "नाही" म्हणा, कारण द्यायची गरज नाही. आपल्या संबंधांत त्याने काही फरक पडणार नाही.

आणखी एक. माझ्या टीममधले दोन ज्युनिअर इंजिनिअरही नोकरी शोधत आहेत, दोघांनाही दोन-तीन वर्षांचा अनुभव आहे. त्यांचा कोड मी रोज वाचला आहे आणि त्यांच्यासाठी माझा शब्द द्यायला तयार आहे. सीनिअर जागा नसेल पण त्यांच्याजोगी असेल, तरीही मेसेज करा. त्यांचे रेझ्युमे माझ्याकडे आहेत, त्यांना विचारून लगेच पाठवते.